आणे-पै रुपयांत बदलताना पणजोबांची चूक काढली, आणि ती माझीच निघाली

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आकडे पटकन निसटतात, म्हणून या वेळी वाचलात तर जास्त सोपं जाईल.

झालं असं की, दिवाळीत माळा आवरताना माझ्या पणजोबांच्या किराणा दुकानाची खतावणी सापडली. साल १९५१. कोणाकडे किती उधारी, कधी किती जमा, सगळं शाईने लिहिलेलं. मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे लगेच मोबाइलवर गूगल शीट उघडली आणि एकेक नोंद रुपयांत बदलून टाकायला लागले. पहिल्याच खात्याची बेरीज जुळेना. मी उत्साहाने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, 'पणजोबांची बेरीज एका पैशाने चुकली आहे.' दहा मिनिटांत आजीचा फोन. "अगं, माझे सासरे एका पैशासाठी रात्री कंदील लावून बसायचे. परत बघ."

परत बघितलं. चूक माझीच होती.

आधी जुना हिशोब समजून घेऊ. १ रुपया म्हणजे १६ आणे. १ आणा म्हणजे ४ पैसे, किंवा १२ पै. म्हणजे रुपयात ६४ पैसे आणि १९२ पै. इथे 'पैसा' आणि 'पै' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका पैशात तीन पै. खतावणीत रक्कम तीन रकान्यांत असते, रु. आ. पै. म्हणजे १-४-३ याचा अर्थ एक रुपया, चार आणे, तीन पै.

आता ते खातं बघा. चार नोंदी होत्या: १-४-३, ०-६-६, २-८-३ आणि ०-१२-९. खाली पणजोबांनी बेरीज लिहिली होती ४-१५-९. मी प्रत्येक नोंद आजच्या रुपयांत बदलली आणि दोन दशांश स्थळांपर्यंत आणली. आकडे आले १.२७, ०.४१, २.५२ आणि ०.८०. बेरीज बरोब्बर ५.०० रुपये. आणि पणजोबांचे ४-१५-९ म्हणजे पाच रुपयांना एक जुना पैसा कमी. म्हटलं, सापडली चूक!

आता हातचे घेऊन जुन्या पद्धतीने करू. पै: ३, ६, ३, ९ मिळून २१, म्हणजे १ आणा ९ पै. आणे: ४, ६, ८, १२ आणि हातचा १ मिळून ३१, म्हणजे १ रुपया १५ आणे. रुपये: १, २ आणि हातचा १ मिळून ४. उत्तर ४-१५-९. पणजोबा बरोबर.

मग माझे दोन नवे पैसे कुठून आले? एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे, आणि तीन पै म्हणजे १.५६२५. १-४-३ चे खरे १.२६५६२५ होतात, मी १.२७ लिहिले. चारही नोंदींत मी थोडं थोडं वर ढकललं आणि ते ढकललेलं साठत गेलं. चार ओळींत दोन पैसे, तर अख्ख्या वहीत किती होतील विचार करा.

उपाय सोपा आहे. हिशोब रुपयांत करायचाच नाही, पैमध्ये करायचा. प्रत्येक नोंदीच्या एकूण पै काढल्या की सगळे पूर्णांक मिळतात, दशांश येतच नाही. माझ्या शीटमध्ये A रकान्यात वहीत जसं लिहिलंय तसंच, B, C, D मध्ये रुपये, आणे, पै, आणि E मध्ये एकूण पै:

```
=B2*192+C2*12+D2
```

वरच्या चार नोंदींचे २४३, ७८, ४८३ आणि १५३ येतात, बेरीज ९५७. ती परत जुन्या रूपात आणायची तर (समजा बेरीज E6 मध्ये आहे):

```
=QUOTIENT(E6,192)
=QUOTIENT(MOD(E6,192),12)
=MOD(E6,12)
```

उत्तर ४, १५, ९. वहीतल्या बेरजेशी मेळ बसला. आजच्या रुपयांतला आकडा हवा असेल तर बेरीज झाल्यावर, शेवटी एकदाच `=E6/192`. म्हणजे ४.९८. हा आकडा फक्त वाचणाऱ्याच्या सोयीसाठी, पुढच्या हिशोबात तो वापरायचा नाही.

A रकाना मात्र अजिबात बदलायचा नाही, आणि भरण्याआधी त्याचा फॉरमॅट 'प्लेन टेक्स्ट' करून घ्या. नाहीतर १-४-३ टाइप केलं की शीटला ती तारीख वाटते आणि तुमची मूळ नोंदच गायब होते. शेजारी पानाच्या फोटोचा नंबरही टाका. आकडा वाचण्यात चूक झालीये असं पुढे कोणाला वाटलं, तर मूळ पानावर परत जाता येतं.

वाचण्यातल्या दोन चुका मी स्वतः केल्यात. पहिली, रेघांची. काही नोंदींत आणे आकड्यात नसतात. उभी रेघ म्हणजे पावली, म्हणजे चार आणे, आणि आडवी किंवा तिरपी रेघ म्हणजे एक आणा. त्यामुळे ३।= म्हणजे तीन रुपये सहा आणे. मी ती उभी रेघ इंग्रजी एक समजून थेट ३१ रुपये लिहिले होते!

दुसरी चूक तिसऱ्या रकान्याची. पणजोबांच्या त्या रकान्यात ३, ६, ९ दिसतात, म्हणजे त्या पै आहेत, कारण चार पैशांचा आणाच होतो. पण वहीच्या शेवटी दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरातली पानं आहेत, तिथे फक्त १, २, ३ दिसतात. तिथे ०-३-२ आणि ०-१-३ यांची बेरीज ०-५-१ लिहिली आहे. पै धरल्या तर उत्तर ०-४-५ यायला हवं. पैसे धरले तर दोन आणि तीन पाच पैसे, म्हणजे एक आणा एक पैसा, आणि उत्तर ०-५-१. म्हणजे तिथे पैसेच लिहिलेत. त्या पानांसाठी D2 च्या जागी `D2*3` घ्यायचं. थोडक्यात, पानाखालची बेरीज हीच तुमची टेस्ट केस.

आणि तुमची वही १ एप्रिल १९५७ नंतरची असेल तर अजून एक काळजी घ्या. त्या दिवसापासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आणे बदलताना अर्धा किंवा त्याहून कमी नवा पैसा सोडून द्यायचा, असा नियम होता. म्हणून दोन आण्यांचे १२ नवे पैसे, पण चार आण्यांचे २५. शीटचं ROUND मात्र १२.५ चे १३ करतं. दुकानदाराने १२ लिहिले असतील तर तुम्ही ते १३ करू नका, आणि त्यांचे परत आणेही करू नका. लिहिलंय ते तसंच ठेवा.

ग्रुपवरचा तो मेसेज आता डिलीट होत नाही. म्हणून त्याखाली वहीच्या पानाचा फोटो आणि ४-१५-९ चा हिशोब टाकला. आजीने फक्त एवढंच लिहिलं, "सांगितलं होतं ना."