सोन्याची झीज आणि बिलातला आकडा

जुना दागिना मोडीला घेऊन आलेल्या माणसाच्या हातात बऱ्याचदा पिवळं पडलेलं, घड्यांवर फाटलेलं बिल असतं. सराफ दागिना काट्यावर ठेवतो, माणूस काट्यावरचा आकडा आणि बिलातला आकडा शेजारी शेजारी वाचतो आणि त्याचा चेहरा पडतो. ‘सोनं घासून कमी होतं’ असं सराफ म्हणतो. हे बोलणं खरं असतं, पण बहुतेक वेळा ते अर्धंच खरं असतं. सोनं झिजतं, मात्र फार हळू झिजतं. फरक कित्येक ग्रॅमचा निघाला तर त्यातला झिजेचा वाटा वेगळा काढता येतो आणि तो प्रत्येक घराने काढून पाहावा.

आधी झिजेबद्दल. सोनं मऊ असतं आणि बावीस कॅरेटमध्ये तांबं-चांदी मिसळूनही ते फारसं कडक होत नाही. आपल्या घरातल्या साध्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते सोन्यापेक्षा कितीतरी कठीण असतात. भांडी घासताना, कणीक मळताना, बागेत माती उकरताना, नुसती ओढणी सारखी करतानासुद्धा हे कण दागिन्यावरून फिरतात आणि डोळ्यांना न दिसणारा कण घेऊन जातात. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग श्टाइनहाउसर यांनी आपल्या लग्नाची अंगठी वर्षभर दर आठवड्याला अतिशय नाजूक काट्यावर तोलली आणि २००८ मध्ये तो हिशेब प्रसिद्ध केला. साडेपाच ग्रॅमच्या आसपासची त्यांची अठरा कॅरेटची अंगठी वर्षात सुमारे ६ मिलिग्रॅमने हलकी झाली. वाळूच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवली तेव्हा घट नेहमीपेक्षा जास्त निघाली. म्हणजे वर्षाला हजारात एक भाग, थोडं इकडे-तिकडे. एका अंगठीवरून सगळ्या दागिन्यांचा नियम ठरत नाही, पण झीज कुठल्या पट्टीत मोजायची ते यावरून कळतं.

ही झीज दागिन्यावर सगळीकडे सारखी होत नाही. रोज वापरातली साखळी भिंगाखाली धरून पाहा. कडीचा बाहेरचा भाग जवळजवळ पहिल्यासारखा गोल दिसेल, पण एक कडी दुसरीत अडकते त्या आतल्या जागी खोबण पडलेली असते. तिथे सोन्यावर सोनं घासतं आणि मध्ये अंगाचा घाम, साबण, धूळ अडकलेली असते. अशी खोबण कडीच्या निम्म्या जाडीपर्यंत गेली की साखळी किंचित लांब झालेली असते, आणि मग एक दिवस मूल गळ्याशी झोंबलं की ती तुटते. मंगळसूत्राच्या वाट्यांच्या वरच्या कड्या, फाशाजवळच्या दोन-तीन कड्या याच तऱ्हेने बारीक होतात. अंगठी तळहाताच्या बाजूने पातळ होते. बांगड्या एकमेकींवर आपटत असल्यामुळे त्यांच्या कडा सपाट होतात आणि नक्षीचे उंच दाणे आधी गुळगुळीत होतात. चुड्यासोबत घातलेल्या पाटल्यांना काचही घासत असते. म्हणून एकूण वजन थोडंच कमी झालं असलं तरी सांध्याशी दागिना धोक्यात असू शकतो.

आता बिलाकडे वळू. समजा, १९८८ च्या बिलावर चार बांगड्या आहेत, बावीस कॅरेटच्या, वजन ४०.२०० ग्रॅम. खाली ‘घट ८ टक्के’ म्हणून ३.२१६ ग्रॅम लावले आहेत आणि त्याखाली बेरीज आहे ४३.४१६. पैसे या बेरजेवर लावले गेले, म्हणून घरच्यांच्या लक्षात हाच आकडा राहिला. ‘आईच्या बांगड्या साडेत्रेचाळीस ग्रॅमच्या होत्या’ असं पुढे तीस-पस्तीस वर्षं सांगितलं गेलं. पण घट म्हणजे घडवताना कारागिराकडे जाणारं सोनं, म्हणून गिऱ्हाइकाकडून घेतलेले पैसे. ते सोनं बांगड्यांमध्ये कधीच नव्हतं. बांगड्या पहिल्या दिवसापासून ४०.२०० ग्रॅमच्याच होत्या.

आज, ३७ वर्षांनी, त्या काट्यावर ३८.९५० भरतात. कोमट पाण्यात साबण घालून मऊ ब्रशने घासल्या की नक्षीत बसलेलं हळदकुंकू, तेल आणि साबणाचा थर निघतो आणि आकडा ३८.७९० वर येतो. जुना दागिना मळ धरून ठेवतो आणि त्यामुळे खरी झीज झाकली जाते, म्हणून धुतल्याशिवाय तुलना करू नये. बेरजेशी तुलना केली तर साडेचार ग्रॅमहून जास्त गेलेलं दिसतं आणि चोरीचा संशय येतो. खऱ्या वजनाशी तुलना केली तर गेले १.४१० ग्रॅम. वर्षाला बांगडीमागे साधारण साडेनऊ मिलिग्रॅम. अंगठीच्या हिशेबाच्या अगदी जवळ. इथपर्यंत संशयाला काही जागा नाही.

त्याहून जुनं, १९६० च्या आधीचं बिल असेल तर वजन तोळा, मासा, गुंजांत असतं. आज बाजारात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, पण जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा. पाच तोळ्यांच्या पाटल्या म्हणजे ५८.३२ ग्रॅम. त्या आज ५६.४ भरल्या, तर आजच्या तोळ्याने त्या साडेपाच तोळ्यांहून अधिक होतात आणि घरातले लोक आजीच्या पाटल्या वजनाला वाढल्या म्हणून खूश होतात. प्रत्यक्षात जवळजवळ दोन ग्रॅम झिजलेले असतात. शिवाय त्या काळी तराजूत गुंज हे लहान वजन होतं आणि गुंज म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास. आजच्या काट्यावरच्या तिसऱ्या दशांशाशी जुन्या गुंजांची फार बारीक तुलना करण्यात अर्थ नाही.

लाख भरलेल्या दागिन्यांचा प्रश्न वेगळा आहे. बोरमाळेचे मणी, काही तोडे, वाक्या पातळ पत्र्याच्या असतात आणि आत लाख असते. बिलात एकूण वजन लिहिलं आहे की निव्वळ सोन्याचं, हे आधी पाहावं लागतं. मोतीजडवाच्या आणि काळ्या पोतीच्या दागिन्यांतही तेच. मणी ठेचला जाऊन लाख गळली तर वजन घटतं, पण सोनं तेवढंच असतं. उलट पत्रा पातळ असल्यामुळे इथली झीज जास्त घातक, कारण मण्याच्या भोकाशी कड फाटली की मणी दुरुस्त करणं अवघड होऊन बसतं.

आपल्या बांगड्यांकडे परत येऊ, कारण वजन जुळलं तरी हिशेब संपलेला नाही. मोडीच्या वेळी सराफाने त्या मुशीत आटवल्या. सांध्यात आणि नक्षीत दडलेला उरलासुरला मळ जळाला, आणि लगड ३८.६२० ग्रॅमची निघाली. तिचा टंच काढला तो ८८.५ आला. बिलावर बावीस कॅरेट लिहिलं होतं, म्हणजे ९१.६ हवा होता. या लगडीत बिलाप्रमाणे ३५.३८ ग्रॅम शुद्ध सोनं असायला हवं होतं, निघालं ३४.१८. म्हणजे सुमारे १.२० ग्रॅम शुद्ध सोनं टंचात कमी पडलं. ३७ वर्षांच्या वापरात गेलेलं शुद्ध सोनं लगडीच्या वजनावरून मोजलं तर ते सुमारे १.४० ग्रॅम येतं. रोज घातलेल्या बांगड्यांतून जेवढं सोनं हवेत, पाण्यात, भांड्यांत गेलं, त्याहून थोडंसंच कमी सोनं शुद्धतेत कमी पडलं, आणि सराफाच्या ‘घासून कमी होतं’ या एका वाक्यात दोन्ही गोष्टी मिसळून जातात.

टंच कमी येण्याची कारणं दोन. एक, मूळ सोनंच बिलाबरहुकूम नसणं. भारतीय मानक ब्यूरोचं हॉलमार्किंग २००० मध्ये सुरू झालं, त्याआधी सोनाराच्या शब्दावर आणि कसोटीच्या दगडावर भिस्त होती. दुसरं कारण झाळ. सांधा जोडायचा तर जोडणारा धातू दागिन्याच्या आधी वितळायला हवा, म्हणून झाळीच्या सोन्यात भेसळ जास्त असते. बांगडीला एकच सांधा असतो. पण साखळीला शेकडो असतात, आणि तुटलेली कडी प्रत्येक वेळी झाळून घेतली की दागिन्याचं वजन टिकतं, टंच मात्र थोडा थोडा उतरत जातो.

एक सावधगिरी इथे आवश्यक आहे. बऱ्याच दुकानांत आता क्ष-किरणांचं यंत्र असतं, दोन मिनिटांत कॅरेट सांगतं. ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. वरून जास्त शुद्ध सोन्याचं पाणी दिलेलं असेल तर आकडा चढा येतो, आणि झाळीच्या डागावर किरण पडला तर उतरलेला येतो. म्हणून दोन-तीन जागी मोजायला सांगावं. खरा निकाल आटवलेल्या लगडीचा, आणि त्यातही अग्निपरीक्षेचा.

वजन एकदम कमी होण्याचं आणखी एक ठिकाण म्हणजे उजाळा. नवी चकाकी म्हणजे वरचा थर काढणं, मग तो बफवर घासून काढा नाहीतर तेजाबात बुडवून. सराफाकडे बफखालची धूळ गोळा होते. झारेकरी कारखान्यांतला केर आणि सराफ बाजारातली माती विकत घेऊन, धुऊन त्यातून सोनं काढतात आणि त्यावर त्यांची घरं चालतात, यावरूनच त्या धुळीत किती सोनं असतं ते समजावं. दारावर येऊन ‘दागिने चकचकीत करून देतो’ म्हणणाऱ्याच्या भांड्यातल्या पाण्यात सोनं विरघळवणारी आम्लं असली तर काही मिनिटांत बांगडीतून वर्षांच्या झिजेइतकं सोनं निघून जातं. पाणी तो बरोबर घेऊन जातो. बांगडी मात्र लखलखीत दिसते. उजाळ्याआधी आणि नंतर एकाच काट्यावर वजन करून पाहिलं तरच हे सापडतं. हेच दुरुस्तीलाही लागू. साखळी आखूड केली तर काढलेल्या कड्या परत मागाव्यात.

हल्लीच्या बिलावर प्रत्येक नगाचं निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचा आकार वेगळा लिहावा लागतो, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे नवे दागिने सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांकाशिवाय विकता येत नाहीत. शुद्धता छापापेक्षा कमी निघाली तर वजनाच्या हिशेबाने येणाऱ्या तुटीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मागता येतो. १९८८ च्या त्या बांगड्यांना हा आधार नाही. नव्या दागिन्यालाही तो शुद्धतेपुरताच आहे. वापरात झिजलेल्या वजनाची भरपाई कुठल्याच नियमात बसत नाही, म्हणून ते वजन किती हे दर चार-पाच वर्षांनी दागिना धुऊन, शिक्का असलेल्या काट्यावर तोलून, तारखेसह बिलाच्या पाठीवर लिहून ठेवावं.