२१ आणि १९ मधली चुरस

मॅट्रिक्सने व्हेक्टरला गुणले की साधारणपणे त्याची लांबी बदलते आणि दिशाही. काही मोजक्या दिशांना मात्र धक्का लागत नाही. त्या दिशेतला व्हेक्टर फक्त ठरावीक पटीत लांबतो किंवा आखडतो. तो आयगेनव्हेक्टर आणि ती पट म्हणजे आयगेनव्हॅल्यू. आकाराने सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू शोधण्याची पॉवर इटरेशन ही पद्धत अगदी सरधोपट आहे. कोणताही व्हेक्टर घेऊन मॅट्रिक्सने गुणायचा, आकडे फुगू नयेत म्हणून त्याची लांबी पुन्हा १ करायची आणि हेच करत राहायचे.

पहिल्या ओळीत २, १ आणि दुसऱ्या ओळीत १, २ असलेली मॅट्रिक्स पाहू. (१, ०) पासून सुरुवात केली, तर लांबी न बदलता क्रमाने (२, १), (५, ४), (१४, १३), (४१, ४०) मिळतात. दोन्ही आकडे झपाट्याने सारखे होत आहेत, म्हणजे दिशा (१, १) कडे वळते आहे. या दिशेची पट ३ आहे. (१, ०) मध्ये तितकाच हिस्सा (१, −१) या दुसऱ्या दिशेचाही होता, पण तिची पट १. त्यामुळे मुख्य हिश्श्याच्या तुलनेत तो दर फेरीत एक तृतीयांश होतो आणि १३ फेऱ्यांत दशलक्षांशाच्या खाली जातो.

आता कर्णावरच्या दोन्ही २ च्या जागी २० ठेवू. दिशा त्याच राहतात, पण पटी २१ आणि १९ होतात. नको असलेला हिस्सा दर फेरीत १९/२१, म्हणजे सुमारे ०.९०५ पटच होतो. दहा फेऱ्यांनंतरही तो ३७ टक्के उरतो. दशलक्षांशाखाली जायला १३९ फेऱ्या लागतात. तेव्हा आयगेनव्हॅल्यू किती मोठी आहे याला इथे महत्त्व नाही, पहिल्या दोघींचे गुणोत्तर सगळे ठरवते.

खरी फसगत थांबताना होते. सलग दोन फेऱ्यांत उत्तर फारसे हलले नाही म्हणून काम संपले, असे समजले जाते. पण इथे दिशेत उरलेली चूक शेवटच्या बदलाच्या साडेनऊ पट असते. एका फेरीतला बदल आधीच्या बदलाच्या कितव्या पटीत आहे, हे तपासले की दुखणे कळते: तो आकडा १ च्या जवळ असेल, तर उत्तर अजून लांब आहे.

उपाय साधा आहे. कर्णावरच्या प्रत्येक आकड्यातून १८ वजा केले की २१ आणि १९ चे ३ आणि १ होतात, म्हणजे पहिलीच मॅट्रिक्स हाती येते! मिळालेल्या उत्तरात शेवटी १८ मिळवायचे. मात्र वजाबाकी बेतानेच करावी लागते. २२ वजा केले तर −१ आणि −३ उरतात, आकाराने −३ मोठी ठरते आणि पद्धत २१ ऐवजी १९ कडे जाते.