स्टॉकमध्ये मीठ का घालत नाहीत?

बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जाणाऱ्या मुलांची संख्या आपल्या भागात बरीच आहे. बेळगावकडची कितीतरी मुलं गोव्यात शिकायला असतात. घरच्यांना वाटतं, स्वयंपाकाचा अभ्यास म्हणजे सगळं प्रात्यक्षिकच. पण लेखी पेपर असतोच, आणि मुलं अडखळतात ती तिथेच. त्यांना व्याख्या पाठ असतात. प्रश्नात ‘कारण द्या’ आलं की गाडी अडते.

पहिल्या वर्षाचा एक नेहमीचा प्रश्न घेऊ. ‘२ किलो हाडांपासून पांढरा बीफ स्टॉक कसा कराल? भाज्यांचा काप कारणासह लिहा. चिकनचा पांढरा स्टॉक असेल तर त्यापासून कोणता मदर सॉस होईल?’ सुरी, स्टॉक आणि सॉस हे तिन्ही धडे यात एकत्र आले आहेत.

प्रमाण सोपं आहे. २ किलो हाडांना ४ लिटर पाणी आणि ४०० ग्रॅम भाज्या. या भाज्यांच्या मिश्रणाला मिरपॉ म्हणतात. त्यात कांदा दोन भाग, गाजर एक भाग आणि सेलरी एक भाग, म्हणजे २०० ग्रॅम कांदा आणि बाकीच्या दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम.

बरीच मुलं इथे भाज्यांचे ‘ब्रुनॉझ’ करतात, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचे चौकोनी तुकडे. तो काप सुबक दिसतो, पण या उत्तरात तो चूक आहे. बीफचा स्टॉक सहा ते आठ तास मंद आचेवर असतो. एवढ्या वेळात बारीक तुकड्यांचा लगदा होतो आणि स्टॉक गढूळ होतो. म्हणून तीन-चार सेंटिमीटरच्या ओबडधोबड फोडी हव्यात. उलट माशाच्या स्टॉकला वीसच मिनिटं देतात, कारण त्यानंतर माशाची हाडं कडवटपणा सोडू लागतात. तेवढ्या वेळात भाजीचा स्वाद उतरायचा तर ती पातळ चिरावी लागते. थोडक्यात, काप ठरतो तो शिजण्याच्या वेळेवरून. जुलियन, ब्रुनॉझ ही नावं आणि मापं सूपवर सजावटीला किंवा सोबतच्या भाजीसाठी कामाला येतात. मापं पुस्तकागणिक थोडी बदलतात. आपल्या कॉलेजात नेमलेलं पुस्तक धरावं. एक खूण मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. भाजीच्या बारीक उभ्या काड्या म्हणजे जुलियन, आणि त्याच काड्या आडव्या कापल्या की ब्रुनॉझ. आपण कांदा आधी उभा चिरून मग बारीक करतो, तसंच.

आता कृती. हाडं थंड पाण्यात घालून पाणी हळूहळू तापवायचं. हाडांतली प्रथिनं थंड पाण्यात विरघळतात आणि तापता तापता गोठून फेसासारखी वर येतात. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना मळी काढणं माहीत आहे; इथेही तेच काम, झाऱ्याने, न कंटाळता. पाणी खळखळा उकळू दिलं तर ही मळी आणि चरबी पाण्यात मिसळून जाते. मग गाळूनही स्टॉक नितळ होत नाही. पांढऱ्या स्टॉकसाठी हाडं भाजत नाहीत; भाजली की तो ब्राउन स्टॉक.

आणि मीठ? ते घालायचं नाही. ‘चव नंतर लावतात म्हणून’ हे उत्तर अर्धंच आहे. समजा १ लिटर स्टॉकमध्ये १० ग्रॅम मीठ घातलं आणि पुढे सॉससाठी तो पाव लिटर होईपर्यंत आटवला. पाणी गेलं, मीठ तेवढंच राहिलं. म्हणजे चौपट खारट. एवढा हिशेब उत्तरात मांडला की तपासणाऱ्याला पुढे काही विचारावं लागत नाही.

शेवटचा भाग सॉसचा. मदर सॉसची यादी सगळे लिहितात: बेशामेल, वेलूते, एस्पान्योल, टोमॅटो, हॉलंडेज. काही पुस्तकं मेयोनेजही धरतात, मग ते सहा होतात. पण प्रश्न यादीचा नाहीच. पांढऱ्या स्टॉकपासून होतो तो वेलूते. १०० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम मैदा मंद आचेवर फिकट पिवळसर होईपर्यंत परतायचा, त्याला रू म्हणतात. मग त्यात १ लिटर स्टॉक थोडा थोडा घालत ढवळायचं. गरम रूमध्ये उकळता स्टॉक एकदम ओतला की गाठी होतात, पिठल्यासारख्याच. स्टॉकऐवजी दूध घातलं आणि रू पांढराच ठेवला की बेशामेल. पुष्कळ मुलं या दोघांची अदलाबदल करतात, कारण पांढऱ्या स्टॉकचा सॉसही पांढराच असणार असं त्यांना वाटतं. वेलूतेचा रंग हस्तिदंती असतो. आणि स्टॉक आधीच गढूळ झाला असेल, तर तो करडा दिसतो आणि कितीही गाळला तरी तसाच राहतो.