शेवटचा ब्लाउज कधी शिवायला टाकलात?

मॅचिंग सेंटरमधून बाहेर पडणाऱ्या बाईच्या पिशवीत बहुधा ब्लाउजपीस असतं, अस्तराचं कापड असतं आणि साडीचा फॉल असतो. दोन-चार दिवसांत ती कुठल्या तरी टेलरकडे जाणार, हे जवळपास ठरलेलं. शिलाईचा नवा व्यवसाय काढू पाहणाऱ्या माणसाने गाळा बघण्याआधी या दुकानाच्या दारात दोन संध्याकाळी काढाव्यात, असं मला मनापासून वाटतं. होतं मात्र उलटं. आधी मशीन येतं, बोर्ड रंगवला जातो, ओळखीच्या दहा जणींना कल्पना कशी वाटते असं विचारलं जातं. दहाही जणी ‘छानच की!’ म्हणतात आणि त्या भरवशावर अनामत भरली जाते. त्या दहा जणी खोटं बोलत नसतात. आपल्या माणसाचा हिरमोड करायचा नाही, एवढंच त्यांच्या मनात असतं.

एक उदाहरण घेऊन हे पुरतं उलगडून बघू. समजा, डोंबिवलीत राहणाऱ्या एका ताईंचा शिलाईत चांगला हात आहे. घरी मशीन आहे. त्यांच्या डोक्यात आहे घरपोच शिलाई: बायका लोकलने मुंबईला नोकरीला जातात, टेलरकडे जायला त्यांना वेळ नाही, तेव्हा आपण घरी जाऊन माप घ्यायचं आणि शिवलेला ब्लाउज घरी नेऊन द्यायचा. त्यासाठी दुसरं मशीन, ओव्हरलॉक, जुनी स्कूटर आणि छापील जाहिराती मिळून ८० हजार रुपयांची यादी तयार आहे. कल्पना ऐकायला इतकी सरळ आहे की तपासून बघावी असं वाटतच नाही.

तपासायला लागतं काय? एक वही, चहाचे पैसे आणि रिक्षाभाडं. १२ जणींशी प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं बोलायचं. चहा-बिस्किटाचे चाळीस रुपये धरले तर ४८०, वहीचे ४०, येण्याजाण्याचे २००. सातशे-साडेसातशे रुपयांत दोन शनिवार-रविवारचं काम.

बाराच का, असं कुणीही विचारील. ग्रेग गेस्ट, आर्वेन बन्स आणि लॉरा जॉन्सन या संशोधकांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासून पाहिल्या. नवीन मुद्दे येणं कितव्या मुलाखतीनंतर थांबतं, हा त्यांचा प्रश्न होता. बहुतेक सगळं पहिल्या बारांतच येऊन गेलं होतं. मात्र बोलणाऱ्या स्त्रिया बऱ्याच एकसारख्या परिस्थितीतल्या असतील, तरच हे खरं ठरतं. नोकरीवाल्या, लग्न ठरलेल्या मुली आणि नऊवारी नेसणाऱ्या आजी यांची बारात खिचडी केली, तर कुणाचंच धड कळत नाही.

म्हणून ताईंनी चाळणी लावली. नोकरी करणारी, गेल्या तीन महिन्यांत पैसे देऊन बाहेर ब्लाउज शिवून घेतलेली बाई हवी. नातेवाईक नकोत, भिशीतल्या मैत्रिणी नकोत, आणि जिची आई किंवा जाऊ घरीच शिवते तीही नको. मॅचिंग सेंटरच्या मालकांना आधी विचारून दाराशी उभं राहायचं आणि सरळ सांगायचं: ‘मी शिलाईचं काम करते. विकायला काही आणलेलं नाही. बायकांना ब्लाउज शिवून घेताना काय अनुभव येतात ते समजून घेतेय. रविवारी वीस मिनिटं द्याल का?’ काही जणी नाही म्हणतील, काही तिथेच बोलायला लागतील. फॉल-पिको करणाऱ्या दुकानाशीही हेच जमतं. अंगाच्या मापाबद्दल, वाढलेल्या वजनाबद्दल बाई नवऱ्यासमोर किंवा सासूबाईंसमोर मोकळी बोलत नाही, म्हणून बोलणं एकटीशीच हवं.

आता प्रश्नांचं. रॉब फिट्झपॅट्रिक नावाच्या उद्योजकाने २०१३ मध्ये ‘द मॉम टेस्ट’ हे छोटं पुस्तक लिहिलं. प्रश्न असे विचारा की तुमची आईसुद्धा तुमचं मन राखायला खोटं बोलू शकणार नाही, हे त्या नावामागचं म्हणणं. त्यासाठी आपली कल्पना सांगायचीच नाही. समोरच्याच्या आयुष्यात प्रत्यक्ष घडून गेलेलं विचारायचं. ‘घरी येऊन माप घेतलं तर आवडेल का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला काहीच पडत नाही. ‘शेवटचा ब्लाउज कधी शिवायला टाकलात?’ या प्रश्नाला मात्र आठवूनच उत्तर द्यावं लागतं. त्यातलं एक बोलणं साधारण असं होईल:

“गौरीच्या आधी टाकला होता. पैठणीवरचा.”

“कधी देतो म्हणाले होते?”

“आठ दिवसांत. मिळाला आदल्या संध्याकाळी.”

“मधल्या दिवसांत काय केलंत?”

“दोन फेऱ्या मारल्या. गाडीतून उतरून दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणजे धावपळच. तिसऱ्यांदा मुलाला पाठवलं.”

“माप कसं दिलं होतंत?”

“जुना मापाचा ब्लाउज दिला. मी तोच देते नेहमी.”

“घालून बघितल्यावर?”

“मुंढ्यात घट्ट. हात वर होईना. आत माया सोडलेली होती, पण उसवायला वेळ कुठे होता? तसाच घातला.”

“मग नंतर दुरुस्त करून घेतलात?”

“नाही हो. कपाटात पडलाय. पुन्हा दोन फेऱ्या कोण मारणार?”

इथे थांबून वहीत बघावं. ताईंनी घरपोच मापाचा शब्दही काढला नाही, तरी त्याचं उत्तर आलं. माप देणं हा या बाईचा त्रासच नव्हता. पिशवीत मापाचा ब्लाउज टाकला की तिचं माप दिलं गेलं. त्रास आहे तो चुकलेल्या तारखेचा, आणि बिघडलेलं फिटिंग दुरुस्त करायला परत जावं लागण्याचा.

आठवणीवर सगळा भार टाकू नये. टेलरच्या पावतीवर देण्याची तारीख लिहिलेली असते, बरेचदा कापडाचा तुकडाही टाचलेला असतो. ती पावती अजून असेल तर दाखवाल का, असं विचारावं. टेलरला व्हॉट्सॲपवर ‘दादा, झाला का ब्लाउज?’ असं किती वेळा पाठवलं तेही फोनमध्ये सापडतं. पाच वेळा विचारणारी बाई आणि ‘थोडा उशीर होतो कधीकधी’ म्हणणारी बाई यांच्या त्रासात फार अंतर आहे. ‘नेहमी’, ‘कधीकधी’, ‘शक्यतो’ हे शब्द आले की लगेच ‘मागच्या वेळी काय झालं?’ असं विचारून बोलणं एका ठरावीक ब्लाउजवर आणायचं. आणि ताईंनी स्वतः निम्म्याहून अधिक वेळ बोलण्यात घालवला असेल, तर ती मुलाखत बाद समजावी. हे ओळखायला सोपं असतं: वहीचं पान कोरं राहिलेलं असतं आणि मन मात्र खूश असतं.

त्याच संध्याकाळी बोलणं त्यांच्याच शब्दांत उतरवून काढायचं. घडलेलं एका बाजूला, मत दुसऱ्या बाजूला. बारा बोलण्यांनंतर ताईंच्या वहीत समजा असं चित्र दिसलं: नऊ जणी मापाचा ब्लाउज देतात. आठ जणींची तारीख चुकली. त्या आठांतल्या सहा जणींकडे एकतरी बिघडलेला ब्लाउज न दुरुस्त करता पडून आहे. एकीचं अस्तर आधी न भिजवताच शिवलं होतं आणि पहिल्या धुण्यातच आटलं. दोघींची काहीच तक्रार नाही. त्यांचे टेलर वर्षानुवर्षांचे आहेत. घरी येऊन कुणी माप घ्यावं, असं एकीच्याही बोलण्यातून आपणहून निघालं नाही.

यावरून डोंबिवलीतल्या दोन तृतीयांश बायकांच्या तारखा चुकतात, असं म्हणता येत नाही. बारा जणींच्या बोलण्यातून कारणं कळतात, टक्केवारी कळत नाही. किती जणी आहेत याचा अंदाज हवा असेल तर वेगळं काम करावं लागतं: एका शनिवारी संध्याकाळी मॅचिंग सेंटरमधून किती जणी अस्तर घेऊन बाहेर पडतात ते मोजायचं, आणि हीच मोजणी सणासुदीबाहेरच्या महिन्यात पुन्हा करायची. गणपतीच्या आधीच्या आठवड्यातली गर्दी बघून वर्षाचा हिशेब मांडणारा फसतो.

हिशेब घरपोच कल्पनेचाही मांडून बघू. अस्तराच्या ब्लाउजला कापण्यापासून हूक लावण्यापर्यंत ताईंना तीन तास लागतात असं धरू. रोज सहा तास काम केलं तर दोन ब्लाउज होतात. माप घ्यायला जाण्यायेण्यात एक तास, पोचवायला आणखी एक तास धरला, तर एकाच ब्लाउजचे पाच तास होतात. म्हणजे दिवसाला दोनाऐवजी एक, फार तर थोडा जास्त. घरपोचचे पैसे शिलाईच्या निदान दोन तृतीयांश वरून मिळाले तरच हे परवडेल, आणि त्यासाठी कुणी पैसे मोजेल असं वहीत कुठेच दिसत नाही.

मग ताईंनी कल्पना बदलली. तारीख पावतीवर लिहून द्यायची आणि पाळायची. चुकली तर शिलाई घ्यायची नाही. फिटिंगची एक दुरुस्ती दोन दिवसांत, विनामूल्य. देणं-घेणं रात्री आठ ते दहा, स्टेशनवरून घरी जाताना जमेल असं. आता मात्र कल्पना उघड सांगायची, आणि सोबत आगाऊ पैसे मागायचे. ज्या आठ जणींच्या तारखा चुकल्या होत्या, त्या सध्या ४५० रुपयांच्या आसपास शिलाई देतात असं धरू. त्यांच्याकडे पुन्हा जाऊन ताईंनी सांगितलं: “शिलाई ६००, आत्ता २०० आगाऊ.”

समजा तिघींनी पैसे काढून दिले. दोघी ‘बघू’ म्हणाल्या. एकीने ‘नक्की सांगते’ म्हटलं, एकीला ६०० जास्त वाटले, एकीच्या घरी सासूबाईंचाच टेलर ठरलेला. मागणी मोजायची ती तिघींचीच. ‘बघू’ आणि ‘नक्की सांगते’ या आपल्याकडे नकाराच्या सभ्य रीती आहेत. त्यांना ऑर्डर समजून अनेकांनी कापडाचे तागे भरून ठेवलेत. महाग वाटणारीचं म्हणणं मात्र वेगळं लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण तिने नकाराचं खरं कारण दिलं.

या तीन ऑर्डरी घरच्याच मशीनवर शिवायच्या आणि प्रत्येकीला लागलेला वेळ घड्याळ लावून लिहायचा. तीन तास धरले आणि साडेचार लागले, तर ६०० रुपयांतही तारीख पाळणं जमणार नाही, हे उधारी होण्याआधीच कळलेलं बरं.

तिघींतली एक पैठणीवाली. आगाऊ पैसे देताना तिने पिशवीतून आणखी एक ब्लाउज काढला, कपाटात पडलेला. “आधी हा मुंढ्यात सैल करून द्या. नीट बसला की नवीन कापड आणते.” ताईंनी पन्नास रुपये लिहिले, परवाची तारीख टाकली. ८० हजारांची यादी अजून तशीच आहे. त्यांनी आतापर्यंत विकत घेतलंय ते फक्त एक पावतीपुस्तक.