मोजलेला माल आणि वहीतला माल : तफावतीची यादी कशी काढावी?

वर्षअखेर आली की गोदामाची मोजणी होते. दोन माणसे कप्प्याकप्प्याने फिरतात, एक मोजतो, दुसरा पत्रकावर लिहितो. पत्रके मुनीमजींच्या टेबलावर येतात. वहीतली शिल्लक एका बाजूला, मोजणी दुसऱ्या बाजूला, आणि वजाबाकी करून निघालेला कागद गोदामप्रमुखाच्या हाती दिला जातो. पुष्कळ ठिकाणी हाच कागद तफावतीची यादी समजला जातो. आमच्या मते ती यादी नव्हेच, तो फक्त कच्चा आकडा आहे. त्यावर विसंबून माणसावर बोट ठेवले तर काय होते, हे आम्ही भिवंडीतील एका कापडाच्या गोदामात जवळून पाहिले.

तेथे चौदा वर्षे किल्ल्या सांभाळणारे एक चाचा आहेत. रविवारी मोजणी झाली आणि सोमवारी दुपारी मुनीमजींनी कागद काढला. त्यात घट होती २,०९,८०० रुपयांची. सेठजींनी किल्ल्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. चाचा काही बोलले नाहीत, किल्ल्या ठेवून घरी गेले. गोदामप्रमुख मात्र समंजस होते. त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि आम्हाला सोबत बसवले. त्या दोन दिवसांत जे केले तेच क्रमाने सांगतो.

मूळ कागदावर घटीच्या पाच ओळी होत्या. पांढरे पॉपलिन वहीत १४० तागे, मोजणीत १२८. काळे अस्तर वहीत ६०, मोजणीत ५२. लुंगी वहीत ९००, मोजणीत ७५. डबल चादर वहीत २१०, मोजणीत १८०. रुबिया वहीत ३० तागे, मोजणीत काहीच नाही. पहिली नजर अर्थातच लुंगीवर गेली, कारण १६० रुपये दराने ८२५ लुंग्यांचे १,३२,००० रुपये होतात.

लुंगीचे कोडे पाच मिनिटांत सुटले. वहीत लुंगी नगावर चालते, पण गोदामात ती डझनाच्या बंडलात रचलेली असते. मोजणाऱ्याने बंडले मोजली आणि पत्रकावर नुसते ७५ लिहिले. ७५ डझन म्हणजे ९००. एक लुंगीही कमी नव्हती. म्हणून यादी काढण्यापूर्वीचे पहिले काम हे की दोन्ही आकडे एकाच मापात आणावेत. पत्रकावर आकड्यापुढे नग, डझन, तागा, मीटर की गठाण हे लिहिलेले नसेल तर तो आकडा वजाबाकीत घेऊच नये, मोजणाऱ्याला विचारावे. वहीच्या आकड्याला मोजणीच्या आकड्याने भागल्यावर नेमके बारा, वीस किंवा गठाणीतल्या नगांइतके येत असेल तर मापाची गफलत आहे असे ओळखावे.

दुसरे काम वेळ जुळवण्याचे. मोजणी एका क्षणाची असते. वहीची शिल्लकही त्याच क्षणाची हवी. पॉपलिनचे बारा तागे शनिवारी संध्याकाळी चलनावर बाहेर पडले होते, त्याचे बिल मात्र सोमवारी दुपारी, वहीचा कागद निघाल्यानंतर झाले. माल गेला होता, वहीला ते ठाऊक नव्हते. उलटही घडते. माल शनिवारी उतरलेला असतो आणि खरेदी बिल तीन दिवसांनी चढते, मग मोजणीत वाढ दिसते. यावर उपाय सोपा आहे. मोजणी सुरू करताना शेवटच्या जावक चलनाचा आणि शेवटच्या आवक नोंदीचा क्रमांक पत्रकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. त्या क्रमांकापर्यंतचा प्रत्येक व्यवहार वहीत आहे की नाही, आणि त्यानंतरचा एकही नाही ना, हे तपासावे. जे जास्त किंवा कमी असेल ते ‘वेळेची दुरुस्ती’ म्हणून वेगळ्या रकान्यात दाखवावे. वहीचा मूळ आकडा खोडू नये. येथे मूळ १४०, दुरुस्ती उणे १२, दुरुस्त शिल्लक १२८, फरक शून्य.

तिसरे काम पत्रकांची गिनती. चादरींचे १८० नग खालच्या कप्प्यात होते. माळ्यावरच्या चादरींचे पत्रक निराळे होते आणि ते परतच आले नव्हते. पत्रकांना अनुक्रमांक होते म्हणून १६ नंतर एकदम १८ आल्याचे लक्षात आले. १७ नंबरचे पत्रक एका मुलाच्या खिशात सापडले, त्यात २६ चादरी होत्या. एकूण २०६, घट चारची. एकच माल तीन ठिकाणी असला तर तीनही पत्रकांची बेरीज झाल्याशिवाय फरक काढता येत नाही.

ज्यांचा हिशेब संगणकावर आहे त्यांना ही बेरीज हाताने करावी लागत नाही. मोजणीची सर्व पत्रके Count नावाच्या एका शीटमध्ये भरावीत, पहिल्या रकान्यात मालाची खूण आणि तिसऱ्यात नग. वहीच्या शीटमध्ये प्रत्येक खुणेपुढे हे सूत्र लिहावे :

```
=SUMIF(Count!A:A,A2,Count!C:C)
```

परंतु दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. खुणेच्या शेवटी चुकून एक रिकामी जागा पडली तरी संगणक त्याला निराळा माल समजतो आणि शून्य दाखवतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे सूत्र वहीच्या बाजूने पाहते. जो माल गोदामात आहे पण वहीत नाही, तो या मार्गाने कधीच पुढे येत नाही. म्हणून असेच सूत्र मोजणीच्या बाजूनेही लावावे आणि वहीत न सापडलेल्या खुणा वेगळ्या काढाव्यात.

आमच्या गोदामात असा माल निघाला. केंब्रिकचे सहा तागे मोजणीत होते, वहीत नव्हते. ते शेजारच्या व्यापाऱ्याचे होते, जागा नाही म्हणून ठेवायला दिलेले. ती अमानत होती, वाढ नव्हे. रुबियाची गोष्ट याच्या उलट. तीस तागे रंगाईला गेले होते, चलन गोदामाच्या फाइलीत होते, पण वहीत ते गोदामातच दिसत होते. प्रोसेसवाल्याकडून ‘आमच्याकडे तुमचे तीस तागे शिल्लक आहेत’ असे लेखी आणल्यावरच ही ओळ यादीतून काढली. आपले चलन माल गेल्याचा पुरावा आहे, माल तेथे अजून आहे याचा नव्हे.

राहिले अस्तर. काळे आठ कमी आणि नेव्ही ब्लू वहीत ४०, मोजणीत ४८, म्हणजे आठ जास्त. मुनीमजी म्हणाले, ‘फिटंफाट झाली, दोन्ही ओळी काढून टाका.’ गोदामप्रमुखांनी ते होऊ दिले नाही, आणि यादी करणाऱ्याने शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. आकडे जुळले म्हणजे कारण सापडले असे नाही. दोन्ही ओळी यादीत ठेवाव्यात, शेजारी ‘अदलाबदल संभवते’ एवढेच लिहावे आणि फेरमोजणी मागावी. दिवसाच्या उजेडात पुन्हा मोजले तेव्हा नेव्हीच्या कप्प्यात काळ्याचे सहा तागे निघाले. ट्यूबलाइटखाली दोन्ही रंग सारखेच दिसतात. काळे झाले ५८ आणि नेव्ही ४२. तरीही दोन तागे इकडचे तिकडे राहिलेच. नेव्हीची शेवटची चलने पाहून एका गिऱ्हाइकाला फोन केला, तेव्हा त्याने सांगितले की नेव्हीच्या बिलावर दोन तागे काळे आले होते. पहिल्याच दिवशी ओळी खोडल्या असत्या तर कप्पा चुकीचा राहिला असता आणि गिऱ्हाइकाची चूक कधी कळलीच नसती.

आता यादीचे स्वरूप सांगतो. प्रत्येक ओळीत मालाचे नाव व खूण, कप्पा, पत्रक क्रमांक, वहीची शिल्लक, वेळेची दुरुस्ती, दुरुस्त शिल्लक, मोजलेला माल, फरक आणि खरेदी दराने त्याची रक्कम असावी. फरकाचे चिन्ह एकच ठरवावे. मोजणीतून वही वजा, म्हणजे घट उणे आणि वाढ अधिक. खाली घटीची बेरीज वेगळी आणि वाढीची वेगळी द्यावी. दोन्ही एकमेकांतून वजा करून एकच आकडा दिला तर पन्नास हजारांची घट आणि पन्नास हजारांची वाढ मिळून गोदाम निर्मळ दिसते. ओळी रकमेच्या क्रमाने लावाव्यात, मोठी रक्कम वर, मग ती घट असो की वाढ. शेवटचा रकाना ‘कारण’. तो यादी करणाऱ्याने भरू नये. तेथे गोदामप्रमुखाने कागद पाहून लिहावे आणि सही करावी. ज्याचे कारण सापडले नाही तेथे ‘कारण सापडले नाही’ असेच लिहावे.

यादीवर सही होईपर्यंत वहीत काही बदलू नये. टॅलीत Physical Stock नावाचे व्हाउचर आहे. त्यात मोजलेला आकडा भरला की त्या तारखेपासून वहीची शिल्लक मोजणीइतकी होते. आमच्या गोदामात ते सोमवारीच भरले असते तर लुंगीची शिल्लक ७५ झाली असती, आणि जुना आकडा शोधत बसावे लागले असते. खऱ्या घटीला कराची बाजूही आहे. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा वहीतून काढून टाकलेल्या मालावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट ठेवता येत नाही, कायद्याच्या कलम १७(५) मध्ये तसे स्पष्ट आहे. म्हणजे खोटी घट लिहिली तर नसलेल्या नुकसानीपायी क्रेडिटही परत करावे लागते.

दोन दिवसांनी यादीत तीन ओळी उरल्या. अस्तराच्या दोन, कारणासह. आणि चादरीची एक : चार नग, ३२० रुपये दराने १,२८० रुपये. त्यापुढे गोदामप्रमुखांनी ‘कारण सापडले नाही’ असे लिहून सही केली. सेठजींनी तो कागद दोनदा वाचला. बुधवारी सकाळी ते स्वतः चाचांच्या घरी गेले आणि किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. चाचांनी त्या घेतल्या, पण एक अट घातली. पुढच्या मोजणीत प्रत्येक पत्रकावर मोजणाऱ्याची सही हवी, आणि आकड्यापुढे माप हवे. आता त्या गोदामात तसेच होते.