एकनाथांचा ‘आतल्या पंढरी’चा अभंग: गाथेत कसा शोधायचा, शब्द का बदलतात?

देह हीच पंढरी आणि आत्मा हाच विठ्ठल, असं सांगणारा संत एकनाथांचा अभंग अनेकांना गाण्यातून ठाऊक असतो. छापील गाथेत तो शोधताना मात्र गोंधळ उडतो.

अभंग क्रमांकावर विसंबू नका, प्रत्येक संपादकाची मांडणी वेगळी असते. गाथेला अकारविल्हे सूची असेल, तर ‘काया’ या पहिल्या शब्दावरून ‘क’खाली पाहा. शेवटची ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा फक्त कवी सांगते. ती नाथांच्या शेकडो अभंगांत आहे.

आता शब्दांचं. नाथांचं निधन 1599 मधलं, मराठी छपाई रुळली एकोणिसाव्या शतकात. मधली दोन शतकं अभंग कीर्तनातून आणि हस्तलिखित वह्यांमधून फिरला. गाताना एखादा ‘हा’, ‘तो’ बदलतो, लिहिणारा ऐकलेलंच उतरवतो. संपादकाला जी वही मिळाली, तिचा पाठ छापला गेला.

‘जनार्दनीं’ आणि ‘जनार्दनी’ हा फरक मात्र फसवा आहे. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुस्वार काढले, त्यामुळे तो पाठभेद नव्हे. शब्दच वेगळा असेल, तर आधी तळटीप पाहावी. ती नसेल, तर उद्धृत करताना आवृत्ती आणि अभंग क्रमांक दोन्ही द्यावेत.