सातवा माणूस आणि हिशेबाचा अर्धा तास

तालुक्याच्या गावाबाहेर, हमरस्त्याला लागून एक मध्यम पेट्रोल पंप आहे असं धरू. दोन मशीन, चोवीस तास चालू, प्रत्येक पाळीत भरायला दोन जण. एका दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे सहा माणसं लागणार, असं पटकन वाटतं. ते खरं नाही. पंपाला रविवार नसतो, पण माणसाला आठवड्याची सुट्टी लागते. तीन पाळ्या, दोन माणसं, सात दिवस असा गुणाकार केला की आठवड्याला बेचाळीस हजेऱ्या भराव्या लागतात. एक माणूस सहाच देतो. म्हणून सात माणसं लागतात. सहांवर भागवलेल्या पंपावर रोज कुणीतरी सुट्टी सोडून उभा असतो.

सात जण असले की वेळापत्रक छान जुळतं. दोघं सकाळी, दोघं दुपारी, दोघं रात्री आणि सातवा बदली. सोमवार-मंगळवार तो सकाळच्या दोघांच्या सुट्ट्या काढतो, बुधवार-गुरुवार दुपारच्यांच्या, शुक्रवार-शनिवार रात्रीच्यांच्या आणि रविवारी स्वतः घरी राहतो. त्याच्या पाळ्या पुढे पुढेच सरकत जातात. त्यामुळे रात्रीची पाळी संपवून त्याच दिवशी दुपारी परत उभं राहण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. हा क्रम उलटा लावला, तर बदली माणूस महिनाभरात झोपेला मुकतो आणि मग चुका त्याच्याच गल्ल्यात दिसू लागतात.

आता गल्ल्याचं. पाळी दोन वाजता संपते असं कागदावर लिहिलेलं असतं, पण दोन वाजता संपते ती फक्त विक्री. हिशेब त्यानंतर सुरू होतो. तो करायला वेळ दिला नसेल, तर माणूस एका हातात नोझल आणि दुसऱ्या हातात नोटांचं पुडकं धरून तो उरकतो. नव्या पाळीच्या गिऱ्हाइकाचे पैसे जुन्या पाकिटात पडतात आणि फरक कुणाचा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

यावर उपाय असा की हजेरी साडेआठ तासांची धरायची: सहा ते अडीच, दोन ते साडेदहा, दहा ते साडेसहा. सहा, दोन आणि दहाच्या ठोक्याला विक्री नव्या जोडीकडे जाते आणि जुनी जोडी केबिनमध्ये बसून अर्धा तास फक्त हिशेब करते. मधली अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी वजा केली, की काम आठ तासांचं होतं आणि सहा दिवसांचे अठ्ठेचाळीस तास, म्हणजे कायद्याच्या आठवड्याच्या मर्यादेइतकेच. हिशेबासाठी वेगळा माणूस लागत नाही. मात्र हा अर्धा तास पगारी कामात धरायचा. ‘हिशेब देऊन मग घरी जा’ असं म्हणून तो माणसाच्या स्वतःच्या वेळेतून घ्यायचा नाही.

सकाळची पाळी सहालाच का? इंधनाचे दर १६ जून २०१७ पासून रोज ठरतात आणि नवा दर सकाळी सहा वाजता लागू होतो. पाळी सातला बदलली आणि त्या दिवशी दर बदलला, तर एका पाळीत दोन दर येतात. मग सहाचं मधलं रीडिंग घ्यावं लागतं. ते विसरलं की फरक शोधता शोधता दुपार होते. पाळी सहालाच बदलली, तर एका पाळीला एकच दर.

बदलाची रीतही ठरलेली हवी. नोझल थांबवायचं, जुन्या आणि नव्या माणसानं एकत्र उभं राहून मशीनच्या टोटलायझरचं रीडिंग वाचायचं, दोघांनी सही करायची आणि मगच पुढची गाडी घ्यायची. टोटलायझर म्हणजे मशीनमधून गेलेल्या एकूण लिटरचा आकडा. तो शून्यावर आणता येत नाही, म्हणून सगळा हिशेब त्याच्यावर उभा राहतो.

एक उदाहरण पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. सकाळच्या पाळीत पेट्रोलच्या एका नोझलवर सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग यांत १३६८.५० लिटरचा फरक आला. दर १०४ रुपये, म्हणजे विक्री १,४२,३२४. त्यातून यूपीआय ७८,४५०, कार्ड १२,३०० आणि उधारीच्या स्लिपा १८,००० वजा केल्या, की रोख ३३,५७४ हवी. पाळीच्या मध्यात वीस हजार तिजोरीत टाकलेत. सुरुवातीला सुट्ट्यासाठी एक हजार दिले होते. म्हणजे पाकिटात १४,५७४ असायला हवेत. मोजले तर निघाले १४,०५४. पाचशे वीस शॉर्ट.

घाईत असलेला व्यवस्थापक इथे वहीत ‘शॉर्ट ५२०’ लिहून मोकळा होतो. अर्धा तास हाताशी असेल, तर आकड्याकडे नीट बघता येतं. पाचशे वीसला एकशे चारनं भागलं की बरोबर पाच येतात. पाच लिटर म्हणजे सकाळी मापात घेऊन तपासलेलं आणि परत टाकीत ओतलेलं टेस्टिंगचं पेट्रोल. ते मशीनच्या आकड्यात चढतं, पण विकलेलं नसतं. टेस्टिंगच्या नोंदवहीत पाच लिटर लिहिलेले होते, हिशेबाच्या कागदावर ते वजा करायचे राहिले होते. पैसे कुठेही गेलेले नव्हते.

प्रत्येक फरक इतका स्वच्छ बोलत नाही, पण बरेच बोलतात. फरकाला नवानं पूर्ण भाग जात असेल, तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधावी. ५४० च्या जागी ४५० लिहिलं, की नव्वदचा फरक पडतो. फरक एखाद्या उधारीच्या स्लिपेइतकाच असेल, तर ती स्लिप दुसऱ्या नोझलच्या गठ्ठ्यात असते. रात्रपाळीचा फरक मोठा असेल, तर यूपीआय बघावं. ॲप तारखेप्रमाणे बेरीज दाखवतं आणि रात्रीची पाळी दोन तारखांवर पसरलेली असते. बारानंतरची रक्कम वेगळी काढून मिळवली नाही, तर हजारोंचा घोळ दिसतो. पाचशे किंवा दोनशेचा गोल फरक मात्र बहुधा सुट्टे देताना हातून गेलेल्या नोटेचा. तो भरून येत नाही.

हे सगळं कळकळीनं लिहायचं कारण असं की शॉर्ट गेलेली रक्कम शेवटी भरणाऱ्या पोराच्या पगारातून कापली जाते. त्याच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असतील, तरच कायदा कपात करू देतो, आणि तीही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. पण म्हणणं मांडायला त्याच्यासमोर दोन सह्यांचं रीडिंग आणि मोजलेला गल्ला असावा लागतो. बस पकडायच्या घाईत पाकीट टेबलावर ठेवून तो गेला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच उरत नाही.

दोन माणसांच्या पाळीला मर्यादाही आहेत. एक जेवायला गेला की दुसरा एकटा. दिवसा व्यवस्थापक उभा राहतो, रात्री कुणी नसतं. म्हणून रात्री जेवण आळीपाळीनं व्हावं आणि तेवढा वेळ केबिनजवळचं एकच मशीन चालू ठेवावं. दोघांच्या पाळीत टँकर उतरवू नये. उतरवण्याआधी आणि नंतर डिप घेणं, घनता तपासणं, पाईपजवळ थांबणं यात एक जण पूर्ण अडकतो. टँकर दिवसा, व्यवस्थापक हजर असताना घ्यावा.

आणि सातांचं हे छान जुळलेलं वेळापत्रक पहिल्याच आजारपणात मोडतं. माणशी वर्षाला तीस दिवस रजा आणि सणांच्या सुट्ट्या धरल्या, तर सात जणांच्या २१० हजेऱ्या रिकाम्या राहतात आणि त्या डबल ड्यूटीनं, सलग सोळा तास उभं राहून भरल्या जातात. आठवा माणूस स्वतःची सुट्टी आणि रजा घेऊनही वर्षाला सुमारे २८० हजेऱ्या देतो. रजा भरून सत्तरेक उरतात. त्या बाजाराच्या दिवशीच्या संध्याकाळी, ऊस वाहतुकीच्या हंगामात आणि टँकर येणार असेल त्या सकाळी लावाव्यात.